लुडोत दान पडल्यावर कुठली सोंगटी हलवायची: सेफ घरं, मार आणि होम लाइनचा हिशोब

लुडोचे नियम शिकायला पाच मिनिटं पुरतात, खरी अडचण त्यानंतर येते, फासा टाकला, चार पडले, आणि तुमच्या तीन सोंगट्या पटावर आहेत, आता कुठली हलवायची? नवीन माणूस बहुतेक वेळा सगळ्यात पुढची सोंगटी पळवतो कारण ती होमच्या जवळ असते, नाहीतर मारायला मिळतंय म्हटल्यावर डोळे झाकून मारतो. दोन्ही कधीकधी बरोबर असतं, पण नेहमी नाही, आणि कधी बरोबर नाही ते ओळखायला थोडं मोजायला लागतं. गणित अवघड काहीच नाही, सहापर्यंत मोजता आलं म्हणजे झालं.

आधी मी कुठले नियम धरतोय ते सांगतो, कारण घराघरात आणि ॲपमध्ये ते थोडे वेगळे असतात. सोंगटी बेसमधून बाहेर काढायला सहा लागतात. सहा पडले की परत एक दान मिळतं, कोणाची सोंगटी मारली की पण एक दान जास्त. चारही रंगांची स्टार्टची घरं आणि चार स्टारची घरं अशी आठ घरं सेफ, तिथे कोणी कोणाला मारू शकत नाही. होममध्ये जायला नेमका आकडाच पाहिजे, जास्त पडला तर ती सोंगटी हलत नाही. तुमच्याकडे एकाच रंगाच्या दोन सोंगट्यांची जोडी सेफ धरत असतील किंवा जोडी ओलांडता येत नसेल तर ते खेळ सुरू व्हायच्या आधीच ठरवून घ्या, मधेच वाद नको.

आधी पट मोजून घ्या

बाहेरच्या वाटेवर एकूण 52 घरं असतात. तुमच्या स्टार्टच्या घराला 0 म्हणा आणि तिथून पुढे मोजत चला. 8 वर स्टार, 13 वर पुढच्या रंगाचं स्टार्ट, 21 वर स्टार, 26 वर समोरच्या रंगाचं स्टार्ट, 34 वर स्टार, 39 वर तिसऱ्या रंगाचं स्टार्ट, 47 वर शेवटचा स्टार. 50 वर तुमची बाहेरची वाट संपते, 51 पासून तुमच्या रंगाची होम लाइन सुरू होते, ती पाच घरांची, आणि 56 म्हणजे होम. म्हणजे एका सोंगटीचा सगळा प्रवास 56 घरांचा.

आता सेफ घरांमधलं अंतर बघा. स्टार्टपासून स्टार 8 घरं लांब, आणि स्टारपासून पुढचं स्टार्ट 5 घरं लांब, पूर्ण पटावर हेच आठ-पाच, आठ-पाच चालू राहतं. पाचचा टप्पा एका दानात पार होतो, तुम्ही स्टारवर आहात आणि पाच पडले की एका सेफ घरावरून थेट दुसऱ्या सेफ घरावर, मधे कुठे उघडं राहायची गरजच नाही. आठचा टप्पा मात्र एका साध्या दानात होत नाही, (सहा पडून लगेच दोन पडले तर गोष्ट वेगळी), म्हणजे मधे कुठेतरी थांबावंच लागतं. आणि हा लांब टप्पा प्रत्येक वेळी कोणाच्या तरी स्टार्टच्या पुढेच येतो, जिथून नवीन सोंगट्या बाहेर पडत असतात. त्यामुळे पटावर सगळ्यात जास्त सोंगट्या मरतात त्या याच पट्ट्यात.

यातून एक साधी सवय लावून घ्या. दुसऱ्याच्या स्टार्टवर उभे असाल आणि एक किंवा दोनसारखं छोटं दान पडलं तर ती सोंगटी शक्यतो हलवू नका. एक पडला आणि पुढे सरकलात तर पुढचा स्टार सात घरांवर राहतो, म्हणजे पुढच्या साध्या दानातही तुम्ही तिथे पोचत नाही, उघडं मात्र पडता. तो आकडा दुसऱ्या कुठल्या सोंगटीला वापरता आला तर वापरा.

मग मागे वळून बघा

तुमच्या सोंगटीला धोका मागून असतो. त्यामुळे सोंगटी हलवायच्या आधी ती जिथे जाऊन पडणार त्या घराच्या मागची सहा घरं मोजायची, तिथे दुसऱ्या रंगाची सोंगटी आहे का? एक सोंगटी असेल तर तिला एकच आकडा पाहिजे, म्हणजे मार बसायची शक्यता सहात एक. एकाच खेळाडूच्या दोन सोंगट्या मागे वेगवेगळ्या अंतरावर असतील तर त्याचे दोन आकडे चालतात, शक्यता तीनात एक झाली. दोघी एकाच घरावर असतील तर परत एकच आकडा. आणि दोन वेगळ्या खेळाडूंची एकेक सोंगटी मागे असेल तर तुमची पाळी यायच्या आत दोघेही फासा टाकणार, तेव्हा शक्यता 36 पैकी 11, म्हणजे साधारण तीस टक्के.

यातली जी गोष्ट नवीन खेळाडूंच्या लक्षात येत नाही ती ही की मागची सोंगटी दोन घरांवर असो की पाच घरांवर, धोका जवळपास तेवढाच, कारण फाशावर दोन पडायची शक्यता आणि पाच पडायची शक्यता सारखीच आहे. म्हणून कोणी मागे लागलाय आणि तुम्ही दोन घरांच्या अंतरावरून पाच घरांच्या अंतरावर पळालात तर दान फुकट गेलं. पळायचंच असेल तर सात किंवा जास्त घरं लांब पळा, तिथे त्याला आधी सहा आणि मग नेमका आकडा पाहिजे, म्हणजे 36 मध्ये 1. सहा घरांपर्यंत सगळं सारखं, सातव्या घरापासून धोका एकदम उतरतो.

मागे सोंगटी दिसली म्हणून लगेच घाबरायचं पण नाही, ती तुमच्यापर्यंत येणारच आहे का ते बघा. प्रत्येक रंग आपल्या स्टार्टच्या दोन घरं आधी आत होम लाइनमध्ये वळतो. समजा तुम्ही लाल आहात आणि पिवळा समोर आहे. पिवळ्याचं स्टार्ट तुमच्या मोजणीत 26 वर, म्हणजे तो 24 वरून आत वळणार. पिवळ्याची एक सोंगटी 22 वर आहे आणि तुमची 27 वर, अंतर पाचच दिसतं, पण ती सोंगटी तुम्हाला कधीच मारू शकत नाही, ती 24 च्या पुढे बाहेर येतच नाही. आणि 25 चं घर, पिवळ्याच्या स्टार्टच्या लगेच मागचं कोपऱ्यातलं, त्यावर पिवळा संपूर्ण खेळात एकदाही येत नाही. दोघंच समोरासमोर खेळत असाल तर ते घर तुमच्यासाठी स्टारइतकंच सेफ आहे, त्यावर खूण नसते एवढंच. चौघं असतील तर मात्र ते फक्त पिवळ्यापासून सेफ, बाकीचे दोघं तिथून जातातच.

उलट बाजू पण आहे. मागे कोणीच नाही पण जवळ कोणाचं तरी स्टार्ट आहे आणि त्याच्या सोंगट्या बेसमध्ये बसल्यात, तर सहा पडून सोंगटी बाहेर आली आणि जास्तीच्या दानात नेमका आकडा पडला की तुम्ही गेलात. हे 36 मध्ये एकदा होतं, फार नाही, पण दुसऱ्या धोक्यात ते मिळवायला विसरू नका.

कुठली सोंगटी किती मोलाची

मेलेली सोंगटी जेवढी घरं चालून आली तेवढी घरं तुम्ही घालवता, वर परत सहाची वाट बघायची. 40 घरं चाललेली सोंगटी आणि 3 घरं चाललेली सोंगटी, दोघींना धोका सारखा असेल तर वाचवायची 40 वाली. हे सगळ्यांना कळतं. पण हेच माप मारताना पण लावायचं, समोरच्याची सोंगटी किती घरं चालून आली आहे ते बघायचं, ते बहुतेक जण बघत नाहीत. एका पाळीत, सहाची जास्तीची दानं धरून, माणूस सरासरी चार घरं आणि थोडं वर चालतो. म्हणजे 30 घरं चाललेली सोंगटी मारली तर समोरच्याच्या सात पाळ्यांची मेहनत गेली, आणि 2 घरं चाललेली मारली तर अर्धी पाळी, अधिक सहा पडेपर्यंतची अडचण.

एक डाव मांडून बघू

दोघंच खेळतायत, तुम्ही लाल, समोर पिवळा. सगळे आकडे तुमच्या मोजणीने देतो. तुमची पुढची सोंगटी 47 वर, म्हणजे शेवटच्या स्टारवर. मधली 30 वर, उघडी. मागची 0 वर, स्टार्टवरच. चौथी बेसमध्ये. पिवळ्याची एक सोंगटी 27 वर आहे, म्हणजे तुमच्या मधलीच्या तीन घरं मागे, आणि एक सोंगटी तुमच्या 4 वर आहे, जी तिच्या स्टार्टपासून 30 घरं चालून आली आहे. पिवळ्याच्या बाकीच्या दोन बेसमध्ये. तुम्हाला चार पडले.

तीन चाली आहेत आणि तिन्ही चांगल्या वाटतात. पुढची 47 वरून 51 वर, होम लाइनमध्ये. मधली 30 वरून 34 वर, स्टारवर. मागची 0 वरून 4 वर, पिवळ्याला मारून.

पुढची चाल सगळ्यात आधी बाद करा. ती सोंगटी स्टारवर आहे, आधीच सेफ, आत नेऊन तिच्या सुरक्षिततेत काहीच भर पडत नाही. इथेच खूप जणांचं दान वाया जातं कारण होम लाइनमध्ये शिरलं की बरं वाटतं.

आता मधली. तिला धोका किती? पिवळ्याला सरळ तीन पडले तर गेली, 36 पैकी 6. सहा पडले, त्याने नवीन सोंगटी बाहेर काढली आणि मग 27 वालीला तीन पडले, अजून 1. सहा पडून नवीन सोंगटी 26 वर आली आणि तिलाच चार पडले, अजून 1. एकूण 36 पैकी 8, म्हणजे नऊ वेळा अशी परिस्थिती आली तर दोनदा ती मरणार. 30 घरांच्या सोंगटीचा दोन नवमांश धोका म्हणजे सरासरी सहा-सात घरांचं नुकसान. स्टारवर नेलं तर ही सहा-सात घरं वाचली.

आणि मारलं तर? पिवळ्याची 30 घरं गेली, आत्ताच्या आत्ता, शक्यता-बिक्यता काही नाही, वर तुम्हाला एक दान जास्त. मागची सोंगटी 4 वर बसली, तिच्या मागे बारा घरांत पिवळा कोणी नाही, ती निवांत. आणि जे जास्तीचं दान मिळालं त्यात चार पडले तर मधली स्टारवर, पाच किंवा सहा पडले तर ती 35 किंवा 36 वर, 27 पासून आठ-नऊ घरं लांब. म्हणजे अर्ध्या वेळा तुम्ही मारता पण आणि मधलीला पण बऱ्यापैकी वाचवता. इथे मारायचंच, दुसरा विचार नाही.

आता तोच डाव थोडा बदलू. मागची सोंगटी 0 वर नाही, 24 वर आहे. पिवळ्याची 4 वरची सोंगटी नाही, त्याऐवजी नुकतीच बाहेर आलेली एक 28 वर आहे. 27 वाली आहे तिथेच, बाकीच्या दोन बेसमध्ये. परत चार पडले. 24 वरून 28 वर जाऊन मारता येतंय, पण काय मारताय? दोन घरं चाललेली सोंगटी. आणि मारून तुमची सोंगटी 28 वर बसली की 27 वाली तिच्या एक घर मागे आणि 30 वरच्या मधलीच्या तीन घर मागे, म्हणजे पिवळ्याला एक पडला तरी चालतो, तीन पडले तरी चालतात, तीनात एक शक्यता, शिवाय बेसमधल्या सोंगट्यांचा धोका वेगळा. जास्तीच्या दानाने यातली एकच सोंगटी हलणार, दुसरी राहिली उघडी. त्यापेक्षा मधली 34 वर न्या. 24 वर राहिलेली सोंगटी बघा, तिच्या मागे पिवळा कोणी नाही, पटावरच्या दोन्ही पिवळ्या सोंगट्या तिच्या पुढे आहेत. पिवळ्याला फासा कितीही पडू दे, मारायला काही उरलंच नाही. शिवाय त्या दोन्ही पुढे गेल्या की तुमच्या 24 वालीला मागून मारायला सापडतात, मारायची संधी गेली असं नाहीच.

फासा तोच, सोंगट्या त्याच, आणि उत्तर उलटं. फरक फक्त दोन आकड्यांचा, मरणारी सोंगटी किती चालून आली आणि मारल्यावर तुम्ही कोणाच्या पुढ्यात जाऊन बसता.

सहाही आकड्यांना काम द्या

एवढं जमलं की पुढचं बघायला लागा. पुढच्या पाळीत कुठला आकडा पडेल ते माहीत नसतं, पण कुठले आकडे पडलेले चालतील ते तुमच्या हातात असतं. पटावर एकच सोंगटी असेल तर जे दान पडेल ते तिलाच चालवावं लागतं, स्टारवर बसली असली तरी एक पडला की उठून उघड्यावर यावंच लागतं. म्हणून सहा पडले आणि बाहेर दोनपेक्षा कमी सोंगट्या असतील तर मी बहुतेक वेळा नवीन सोंगटी काढतो, पुढची पळवत नाही. बाहेर काढायचं काम फक्त सहाच करतो, पळवायचं काम कुठलाही आकडा करतो. अपवाद एकच, पुढची मोठी सोंगटी धोक्यात असेल आणि सहाने ती सुटत असेल तर.

47 चा स्टार याच हिशोबाने बघा. तिथून चार, पाच, सहा पडले की थेट होम लाइनमध्ये. एक, दोन, तीन पडले तर 48 ते 50 वर, उघड्यावर, आणि तेही जवळपास पूर्ण प्रवास झालेल्या सोंगटीसह. म्हणून 47 वर सोंगटी असताना छोटे आकडे खायला दुसरी कुठलीतरी सोंगटी तयार ठेवा, नाहीतर सगळ्यात महाग सोंगटी सगळ्यात वाईट वेळी उठवावी लागते.

होम लाइन

होम लाइनमध्ये शिरलेल्या सोंगटीला कोणी हात लावू शकत नाही, आणि याच कारणासाठी तिथे घाई करू नका. होमपासून पाच घरं लांब असा किंवा एक घर, पुढच्या दानाला आत जायची शक्यता सहात एकच, कारण प्रत्येक वेळी एकच नेमका आकडा लागतो. पाच घरांवरून दोन घरांवर सरकलं की जवळ आल्यासारखं वाटतं, पण आधी पाच लागत होते आणि आता दोन लागतात एवढंच झालं. उलट तुमचं नुकसान झालं, कारण पाच घरांवर असताना ती सोंगटी एक ते पाच कुठलाही आकडा खाऊ शकत होती, आता एक आणि दोनच खाते.

तिचा खरा उपयोग तोच आहे, नको असलेली दानं खायचा. समजा एक सोंगटी 53 वर आहे, होमपासून तीन घरं, आणि दुसरी 34 च्या स्टारवर, जिच्या मागे तीन-चार घरांवर पिवळा दबा धरून बसलाय. दोन पडले. स्टारवरची हलवली तर 36 वर उघडी पडते आणि अजून पिवळ्याच्या टप्प्यात राहते, तेव्हा 53 वाली 55 वर न्या. पण तोच पिवळा मागे नसेल, वाट मोकळी असेल, तर 34 वाली चालवा आणि 53 वालीला तसंच राहू द्या, ती पुढच्या अडचणीच्या दानाला लागेल. फक्त एक लक्षात ठेवा, होम लाइनमधली सोंगटी सहा कधीच खात नाही, कारण आतलं सगळ्यात लांब अंतरच पाच आहे. सगळ्या मोकळ्या सोंगट्या आत आणि एकच बाहेर असेल तर सहा त्या बाहेरचीलाच चालवावे लागणार, बेसमध्ये एखादी उरली असेल तर गोष्ट वेगळी, ती बाहेर काढता येते.

दोन सोंगट्या होम लाइनमध्ये असतील तर त्यांना एकाच घरावर ठेवू नका. दोघी होमपासून दोन घरांवर असतील तर फक्त दोन पडले तर एक आत जाते, पण एक दोन घरांवर आणि दुसरी चार घरांवर असेल तर दोन पण चालतात आणि चार पण, शक्यता दुप्पट झाली. अशा वेळी एक पडला आणि दोन्ही पर्याय असतील तर आधी मनात मांडून बघा. चार घरांवरची हलवली तर अंतरं दोन आणि तीन होतात, दोन घरांवरची हलवली तर एक आणि चार. दोन्हीकडे आत जायचे आकडे दोनच, पण पहिल्या मांडणीत एक, दोन आणि तीन एवढेच आकडे खाता येतात, दुसऱ्या मांडणीत चार घरांवरची सोंगटी चार पण खाते. शेवटची बाहेरची सोंगटी अजून वाटेत असेल तर दुसरी मांडणी ठेवा. सगळ्याच आत आल्या असतील तर दोन्ही मांडण्यांत फारसा फरक उरत नाही, फक्त दोघींची अंतरं सारखी होऊ देऊ नका.